चाकोरी : आसावरच्या भाराचा हिशेब

‘चाकोरी’ हा शब्द आपण इतक्या वेळा अलंकारिक अर्थाने वापरतो, की त्याचा मूळ अर्थ रस्त्यावर पडलेला असतो हे विसरायला होते. चाकांनी जमिनीत कोरलेली खोलगट वाट ती चाकोरी. बैलगाडी गेली आणि हा शब्द पुस्तकात राहिला, असे मलाही वाटत होते. खडी क्रशरच्या पट्ट्यातल्या एका जिल्हामार्गावर मला तो पुन्हा भेटला. डांबरी रस्ता, मधोमध पांढरी रेघ. क्रशरकडून शहराकडे जाणाऱ्या बाजूला डांबरात दोन लांबलचक पन्हळी पडलेल्या, त्यांच्या कडा फुगून वर आलेल्या, आणि मध्ये मगरीच्या कातडीसारख्या चौकोनी भेगा. शहराकडून क्रशरकडे येणारी बाजू मात्र जवळजवळ गुळगुळीत. दोन्ही बाजू एकाच ठेकेदाराने एकाच वेळी केलेल्या, पाऊस दोन्हींवर सारखाच पडलेला. वाहनेही तीच, सकाळपासून रात्रीपर्यंत जा-ये करणारे दहाचाकी हायवा. फरक एवढाच, की एका बाजूने ते भरून जातात आणि दुसऱ्या बाजूने रिकामे येतात.

ट्रकच्या वजनाची चर्चा आपल्याकडे बहुधा अपघाताच्या किंवा हप्त्याच्या बातमीतून होते. या दोन पन्हळींमागचे गणित त्याहून जास्त बोलके आहे, आणि ते समजायला ब्रास आणि टन या दोन मापांपासून सुरुवात करावी लागते.

वाळू आणि खडी महाराष्ट्रात ब्रासने विकली जाते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. हे आकारमानाचे माप आहे. कायदा मात्र टनात बोलतो. खडी किती बारीक, वाळू किती ओली यावर ब्रासचे वजन बदलते. हिशेबासाठी एक ब्रास म्हणजे साडेचार टन धरायला हरकत नाही. नदीतून नुकतीच काढलेली, पाणी निथळणारी वाळू याहून बरीच जड भरते आणि गिऱ्हाईक त्या पाण्याचेही वाहतूकभाडे देते, हे जाता जाता. घर बांधणारा माणूस फोनवर ‘सहा ब्रास पाठवा’ म्हणतो. सहा ब्रास म्हणजे २७ टन, हे त्याच्या मनात येत नाही. क्रशरवाल्याच्या मनात येते, पण तो बोलत नाही.

आता कायदा. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ११३प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे सगळे ज्याला आरसी म्हणतात त्यावर, जे एकूण वजन लिहिले आहे त्याहून जास्त वजन घेऊन गाडी चालवता येत नाही. त्याच कलमात दुसरी, कमी माहीत असलेली मर्यादा आहे, ती प्रत्येक आसावरच्या वजनाची. आस म्हणजे दोन्ही बाजूंची चाके जोडणारा दांडा. रस्त्यावरचे लोक एक्सल म्हणतात. दहाचाकी गाडीला पुढे एक आस, त्याला दोन टायर. मागे एकमेकांलगत दोन आस, त्यांना प्रत्येकी चार असे आठ टायर. जुन्या मर्यादेनुसार मागच्या जोडआसावर १९ टन आणि गाडीचे एकूण वजन २५ टन चालत असे. जुलै २०१८मध्ये केंद्र सरकारने या मर्यादा वाढवल्या. जोडआसाला २१ टन आणि तीन आसांच्या गाडीला एकूण साडेअठ्ठावीस टन झाले.

साडेअठ्ठावीस टनांत गाडी स्वतःही आली. हायवाचा जाड पत्र्याचा हौद, तो उचलणारा जॅक, चेसिस, डिझेल असे धरून रिकामी गाडी साडेअकरा टनांच्या आसपास भरते. उरले १७ टन, म्हणजे पावणेचार ब्रासच्या जरा वर. पण हौद बांधला जातो तो सहा ब्रास मावतील असा. गॅरेजात हौद बांधून घेतानाच गाडीचा पुढचा सगळा गुन्हा ठरून जातो, असे म्हटले तर वावगे होणार नाही. सहा ब्रास भरले की गाडीचे वजन साडेअडतीस टन होते, मर्यादेपेक्षा बरोबर १० टन जास्त.

हे १० टन रस्त्याला काय करतात? इथे अमेरिकेतल्या एका प्रयोगाकडे जावे लागते. इलिनॉय राज्यात ऑटवा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम तुकड्या-तुकड्यांचे रस्ते बांधले गेले. प्रत्येक तुकड्याची जाडी वेगळी. त्यांवरून लष्कराचे चालक ठरावीक आसभाराचे ट्रक दिवसरात्र गोल गोल फिरवत राहिले, आणि कोणता तुकडा किती फेऱ्यांनंतर निकामी होतो ते मोजले गेले. त्यातून निघालेला निष्कर्ष आजही जगभरच्या रस्ता-अभियंत्यांच्या हाताशी असतो : रस्त्याचे नुकसान आसावरच्या वजनाच्या चौथ्या घातात वाढते. वजन दुप्पट झाले तर नुकसान दुप्पट होत नाही, दोनचा चौथा घात म्हणजे सोळापट होते. हा निसर्गाचा अचूक नियम नव्हे. रस्त्याचा प्रकार, खालची माती, उष्णता यांनुसार तो घात कमीजास्त होतो. पण दिशा तीच राहते.

आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसची रस्त्याची जाडी ठरवणारी पद्धत यावरच उभी आहे. चार टायरांच्या एका आसावर साधारण ८ टन भार असला की त्याला एक ‘प्रमाण आस’ म्हणतात, आणि रस्ता किती वर्षांचा असे न म्हणता तो किती लाख प्रमाण आसांचा असे म्हणतात. प्रत्येक जाणारी गाडी त्या पुंजीतून काही आस खर्च करते. मागचा जोडआस साधारण १५ टनांना एक प्रमाण आस धरला जातो, पुढचा दोन टायरांचा आस साडेसहा टनांच्या आसपास.

या पद्धतीने आपला हायवा मोजू. कायद्यात बसणारी, साडेअठ्ठावीस टनांची गाडी एका खेपेत सुमारे ५.४ प्रमाण आस खर्च करते. तीच गाडी सहा ब्रास घेऊन निघाली, वाढलेल्या वजनातले बहुतेक मागे पडून जोडआसावर ३० टन आणि पुढे साडेआठ टन आले, तर खर्च १८ प्रमाण आसांवर जातो. माल वाढला दीडपटीच्या थोडा वर. नुकसान वाढले तिपटीहून जास्त.

यावर गाडीमालक एक युक्तिवाद करतात, आणि तो ऐकायला बरोबर वाटतो : जास्त माल नेला तर खेपा कमी होतात, म्हणजे रस्ता कमी झिजतो. करून पाहू. दिवसाला १७०० टन खडी न्यायची आहे. कायदेशीर वजनाने १०० खेपा लागतील आणि ५४० प्रमाण आस खर्च होतील. सहा ब्रासने ६३ खेपांत काम होईल, पण खर्च सुमारे ११५० आस. वर्षाला ३०० दिवस हे चालले आणि रस्ता २० लाख प्रमाण आसांसाठी बांधलेला असला, तर पहिल्या रीतीने तो १२ वर्षे पुरेल, दुसऱ्या रीतीने सहाही नाही. आणि रिकामा परतणारा हायवा? तो खेपेला अर्धा प्रमाण आस. त्या रस्त्याची एक बाजू गुळगुळीत का राहिली, त्याचे उत्तर या अर्ध्यात आहे.

हाच हिशेब २०१८च्या वाढीलाही लावून पाहण्यासारखा आहे. २५ टनांच्या काळात हा हायवा सुमारे ३.२ प्रमाण आस खर्च करायचा. साडेअठ्ठावीस टनांना तो ५.४ झाला. म्हणजे माल साडेतेरा टनांवरून १७ टनांवर गेला, पाव हिश्शाने वाढला, आणि कायद्यात राहूनही नुकसान दोनतृतीयांशाने वाढले. वाढीमागे कारण होते. गाड्या पूर्वीपेक्षा ताकदवान झाल्या होत्या, आणि वाहतूक स्वस्त व्हायला हवी होती. पण जे रस्ते जुन्या हिशेबाने बांधले होते, ते एका रात्रीत जाड झाले नाहीत.

आता टायर. ओव्हरलोडची पहिली किंमत गाडीमालक टायरमध्ये मोजतो, असे सगळे सांगतात. तेही खरे आहे. या गाड्यांना सर्रास लागणारा १०.००-२० मापाचा रेडियल टायर जोडीत बसवला असता साधारण २७२५ किलो वजनासाठी असतो. आठ टायर म्हणजे २१.८ टन. कायद्याचा २१ टनांचा आकडा त्यात थोडक्यात बसतो. जोडआसावर ३० टन आले की प्रत्येक टायरवर ३७५० किलो, क्षमतेपेक्षा ३८ टक्के जास्त.

टायर झिजतो तो फक्त रस्त्याला घासून, असा आपला समज असतो. त्याचा खरा शत्रू आतली उष्णता आहे. हा टायर एका किलोमीटरमध्ये सुमारे ३०० वेळा फिरतो. प्रत्येक फेरीला त्याचा जमिनीला टेकणारा भाग दबतो आणि पुन्हा फुगतो. या दबण्या-फुगण्यातली थोडी शक्ती रबरात उष्णता होऊन राहते, आणि रबर ती सहज बाहेर सोडत नाही. भार वाढला की दाब वाढतो, बाजूची भिंत जास्त वाकते, आत उष्णता साठते. मग रबर आणि त्यातल्या तारा यांचे चिकटणे सुटू लागते. बाहेरून काही दिसत नाही. दिसते ते एकदम, भर रस्त्यावर आवाज होऊन पट्टाच्या पट्टा उडतो तेव्हा. जोडीतल्या आतल्या टायरला वारा कमी लागतो, त्याची हवा तपासायला कुणी वाकत नाही. त्यात दहा-पंधरा पौंड हवा कमी असली की त्याचा वाटा शेजाऱ्यावर पडतो. जोडीतला एक गेला की दुसराही फार दिवस टिकत नाही, त्याचे कारण हे.

एका चालकाला मी विचारले, तुम्ही हवा किती ठेवता? तो टायरवर टॉमी आपटत म्हणाला, “साहेब, कंपनी सांगते एकशेवीस, आम्ही ठेवतो एकशेचाळीस. नाहीतर बसतंय ते.” हवा वाढवली की टायर कमी बसतो हे खरे. पण क्षमता त्याने वाढत नाही. आतल्या तारांवर ताण येतो, मधला भाग लवकर झिजतो, आणि क्रशरच्या आवारातल्या टोकदार दगडाने ताणलेला टायर पटकन चिरतो. शिवाय चांगला टायर झिजल्यावर रिमोल्ड करून पुन्हा वापरता येतो; तापून आतून सुटलेला सांगाडा रिमोल्डवाला हातात घेऊन परत देतो. मालकाचे खरे नुकसान तिथे होते.

इतके सगळे असूनही सहा ब्रास का भरले जातात? मालक हिशेबात कच्चे आहेत, असे मला वाटत नाही. म्हणून त्यांच्याच वहीच्या पद्धतीने एक खेप मांडली. आकडे मी धरलेले आहेत, पण या धंद्यातल्या कुणाला ते फार परके वाटू नयेत. क्रशर ते साइट ५० किलोमीटर, जाऊन-येऊन १००. दिवसाला दोन खेपा, महिन्याला ५०. गाडीचा कर्जाचा हप्ता, चालक-क्लिनरचा पगार, विमा आणि कर मिळून खेपेला २७५० रुपये. हे गाडीत किती माल आहे यावर अवलंबून नाही. चार ब्रासच्या आत भरले तर डिझेल २६१० रुपये; सहा ब्रासला २९७०. दहा टायरांचे २ लाख २० हजार रुपये. नीट चालवले तर ६० हजार किलोमीटर, ओव्हरलोडने ३५ हजार धरले, म्हणजे खेपेला ३७० विरुद्ध ६३०. पाटे, ब्रेकचे लायनर, हब यांची दुरुस्ती ३०० विरुद्ध ६००.

बेरीज अशी येते : कायदेशीर खेप ६०३० रुपये, सहा ब्रासची खेप ६९५० रुपये. टनामागे पाहिले तर पहिली ३५५ रुपये आणि दुसरी २५७. टायरचा खर्च जवळजवळ दीडपट-पावणेदोनपट झाला, दुरुस्ती दुप्पट झाली, तरी टनाचा खर्च ९८ रुपयांनी उतरला. कारण हप्ता आणि पगार हा सर्वांत मोठा बोजा २७ टनांवर पसरला. मला हा आकडा संशयास्पद वाटला, म्हणून टायरचे आयुष्य ३५ऐवजी २० हजार किलोमीटर धरून पाहिले. टनाचा खर्च २७५ झाला. तरीही कायदेशीर खेपेपेक्षा ८० रुपये कमी. तेव्हा ‘ओव्हरलोड करू नका, टायर जातील’ हा सल्ला देणारा माणूस मालकाला नवे काही सांगत नसतो. टायर जातात हे त्याने किमतीत धरलेले असते.

आणि हा नफा त्याच्याकडे राहतो, असेही नाही. सगळे सहा ब्रास भरायला लागले की भाडे त्या हिशेबाने खाली येते. समजा ते टनाला ३०० रुपयांवर स्थिरावले. सहा ब्रासवाल्याला खेपेला ११५० रुपये सुटतात. कायद्याने चालणाऱ्याला प्रत्येक खेपेत ९३० रुपये तोटा होतो. ओव्हरलोड ही एखाद्याची हाव असते तोपर्यंत ती पकडता येते. ती भाड्याचा दर झाली की प्रामाणिक माणूस आधी धंद्याबाहेर जातो.

दंड इथे कामाला यायला हवा. कलम १९४खाली पूर्वी किमान २ हजार रुपये आणि जास्तीच्या प्रत्येक टनाला १ हजार रुपये दंड होता. १ सप्टेंबर २०१९पासून तो २० हजार आणि टनाला २ हजार झाला. आपल्या हायवाला १० टनांसाठी पूर्वी १२ हजार पडत, आता ४० हजार. शिवाय जास्तीचा माल उतरवल्याखेरीज गाडी पुढे जाऊ द्यायची नाही, आणि उतरवण्याचा खर्चही मालकाचा. ही अट जुनी आहे. काही राज्यांत पैसे भरून ओव्हरलोड चालवण्याची जणू परवानगीच मिळत असे. सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये परमजित भसीन प्रकरणात ती रीत बेकायदा ठरवली. दंड घेतला म्हणजे तोच माल घेऊन गाडी पुढे जायला मोकळी होत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले.

महिन्याच्या ५० खेपांना सहा ब्रासवाल्याचे ५७,५०० रुपये सुटतात. एकदा पकडला गेला तरी १७,५०० उरतात. दोनदा पकडला गेला तर २२,५०० रुपये तोटा. मोठा वाटतो, पण कायद्याने चालणाऱ्याचा तोटा त्याच महिन्यात ४६,५०० आहे! तिसऱ्यांदा पकडला गेला तरच कायद्याने चाललेले बरे, असे हिशेब म्हणतो. जुन्या दंडात तर दोनदा सापडूनही ३३,५०० रुपये नफा होता. दंड वाढवल्याचा परिणाम झाला, पण तो काट्यावर गाडी किती वेळा चढते यावर टांगलेला आहे. महिन्याला तीनदा एकाच गाडीचे वजन होईल, असा रस्ता मला अजून भेटायचा आहे.

दंडाच्या रचनेतही एक गंमत आहे. एक टन जास्त भरणाऱ्याला २२ हजार पडतात. दहा टन जास्त भरणाऱ्याला ४० हजार, म्हणजे टनाला ४ हजारच. एकदा मर्यादा ओलांडायचीच ठरली, तर थोडी ओलांडण्यात काही अर्थ नाही. रस्त्याचे नुकसान चौथ्या घाताने चढते, दंड मात्र सरळ रेषेत. पहिल्या टनाला तो जबर आहे, दहाव्या टनाला नावापुरता.

ओव्हरलोड ओळखायला काटा लागतोच असे नाही. मागचे पाटे सरळ झालेले किंवा उलटे वाकलेले असतात. रिकाम्या गाडीत ते कमानीसारखे दिसतात. जोडीतल्या दोन टायरांच्या भिंती खाली फुगून एकमेकींना टेकायला येतात. पाट्यांच्या गठ्ठ्यात एक-दोन वेगळ्या रंगाचे, नंतर घातलेले पाटे दिसले तर मालकाने गाडी सहा ब्रासची करून घेतली आहे असे समजावे. वायुवेग पथकातल्या लोकांना हे लांबूनच दिसते. पण दंड डोळ्यांच्या अंदाजावर करता येत नाही. वजन करावे लागते, जवळ काटा लागतो, आणि दहा टन खडी उतरवून ठेवायला जागा लागते. जागा नसली की कायद्यातली सर्वांत कडक अट तिथेच संपते.

क्रशरच्या गेटवर मात्र काटा असतोच. तिथे प्रत्येक गाडीचे वजन होते, कारण मालाचे पैसे त्यावर मिळतात. कलम १९४ची भाषा गाडी चालवणाऱ्यापुरती नाही. जो ती चालवायला लावतो किंवा चालवू देतो, त्यालाही ते लागू आहे. साडेअडतीस टनांची काटापावती ज्याने छापली, त्याच्या दारात वायुवेग पथक उभे राहिले, तर रस्त्यावर गाड्या शोधत फिरावे लागणार नाही. सगळ्यांनाच चार ब्रासवर आणले, तर भाडे टनाला ३७५च्या आसपास जाईल आणि घर बांधणाऱ्याला ब्रासमागे साडेतीनशे रुपयांच्या आत जास्त पडतील. रस्त्याचे १२ वर्षांऐवजी सहा वर्षांत संपणे तो आजही भरतोच, फक्त वेगळ्या पावतीवर.

मी पाहिलेला तो जिल्हामार्ग यंदा पावसाळ्याआधी दुरुस्त झाला. पन्हळी भरून दोन्ही बाजूंना सारख्याच जाडीचा थर दिला. त्याची खडी त्याच क्रशरवरून आली. ती आणणारे हायवा मी मोजायला उभा राहिलो होतो. सगळे सहा ब्रासचे होते.